गेट-ग्रिलच्या कामाला कोणता वेल्डिंग रॉड वापरावा: ६०१३ की ७०१८, आणि त्यावरचे कोटिंग कसे ओळखावे?

फुलेवाडीचा_गेटवाला

नमस्कार मंडळी. वडिलांनी सुरू केलेले ग्रिल-गेटचे छोटे वर्कशॉप मी गेली दोन वर्षे फुलेवाडीत चालवतो आहे. मशीन त्यांच्याच काळातले, तेलात बसवलेले एसी ट्रान्सफॉर्मरचे आहे. गेल्या आषाढात रंकाळ्याच्या बाजूच्या एका घराला दोन पल्ल्यांचे गेट करून दिले. प्रत्येक पल्ला सहा फूट रुंद आणि पाच फूट उंच होता, चौकट ४० बाय ४० च्या सोळा गेज चौकोनी पाइपाची, आत १२ मिलिमीटरचे चौकोनी बार आणि खालच्या अर्ध्या भागात पत्रा. दीड महिन्यातच एका पल्ल्याची वरची बिजागरी पाइपापासून निघून आली. सुदैवाने त्या वेळी फाटकाजवळ कोणी नव्हते, पण त्या घरात दोन लहान मुले आहेत आणि तेव्हापासून मला नीट झोप लागलेली नाही.

आजवर मी ६०१३ चा दहा नंबर रॉड सगळीकडे वापरत आलो. ज्या दुकानातून रॉड आणतो तिथे सांगितले की ७०१८ जास्त ताकदीचा आहे, तो वापरा. मी एक पुडा आणला, पण तो कामाला चिकटून बसतो, पुन्हा पेटवताना त्रास देतो आणि शिवणीच्या सुरुवातीला बारीक छिद्रे पडतात. माझे प्रश्न दोन आहेत. गेटच्या कामाला खरोखर ७०१८ लागतो का? आणि रॉडच्या कोटिंगमध्ये नेमका काय फरक असतो, ज्यामुळे एक रॉड सुरळीत चालतो आणि दुसरा अडतो?

शिरोली_स्ट्रक्चरल

मी शिरोली एमआयडीसीत शेड आणि गर्डरचे काम करतो. माझे मत स्पष्ट आहे. ७०१८ मधला ७० म्हणजे सत्तर हजार पौंड प्रति चौरस इंच ताकद आणि ६०१३ मधला ६० म्हणजे साठ हजार. ज्या कामावर माणसाचा जीव अवलंबून आहे तिथे कमी ताकदीचा रॉड वापरूच नये. पूल, बॉयलर, टाक्या सगळीकडे ७०१८ चालतो तो उगाच नाही. तुमचा रॉड चिकटतो याचा अर्थ मशीन जुने झाले आहे. ते विकून इन्व्हर्टर घ्या, रॉड डीसी पॉझिटिव्हवर लावा आणि प्रश्न मिटवा.

सागरमाळ_पेंटर

कोटिंगबद्दल माझा अनुभव असा की गेटला आधी रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत आणि ते पूर्ण वाळल्यावरच ऑइल पेंट मारावा. पावडर कोटिंग दिसायला चांगले असते, पण साइटवर वेल्डिंग करावे लागले की ते तिथेच जळते आणि गंज त्याच जागेवरून सुरू होतो.

फुलेवाडीचा_गेटवाला

पेंटर दादा, माझा प्रश्न गेटच्या रंगाबद्दल नव्हता, रॉडवर असलेल्या फ्लक्सच्या आवरणाबद्दल होता. शीर्षकात मी ते नीट लिहिले नाही. तरी तुमची सूचना लक्षात ठेवतो.

उद्यमनगर_तीस_वर्षे

भाऊ, रॉड बदलण्याआधी तुटलेली जागा नीट पाहा. बिजागरीची पट्टी अजून तुमच्याकडे असेल तर ती तारेच्या ब्रशने न घासता उन्हात धरा आणि मला तीन गोष्टी सांगा. शिवण किती लांबीची होती? तुटलेल्या तोंडावर चकचकीत, खडबडीत धातू किती लांबीवर दिसतो आणि गुळगुळीत राखाडी भाग किती? आणि त्या वेळी मशीन कितीवर लावले होते? रॉड कमी ताकदीचा होता की नाही, हे या तीन उत्तरांवरून कळेल. पुड्यावरच्या आकड्यावरून ते कळणार नाही.

फुलेवाडीचा_गेटवाला

काका, पट्टी माझ्याकडेच आहे. शिवण साधारण ४० मिलिमीटरची आहे. तिच्या दोन्ही टोकांना मिळून जेमतेम ८ मिलिमीटर भाग खडबडीत आणि चमकदार दिसतो. मधला सगळा भाग गुळगुळीत आहे, आणि त्यात दोन ठिकाणी काळ्या काचेसारखा पदार्थ अडकलेला आहे. पाइपाच्या बाजूला पाहिले तर त्या मधल्या भागात पाइपाचा मूळ काळपट थर जसाच्या तसा आहे. मशीनच्या काट्यावर ८० होते. दहा नंबर रॉडला ११० दिले की सोळा गेजच्या पाइपाला भोक पडते, म्हणून मी नेहमी कमी ठेवत असे.

उद्यमनगर_तीस_वर्षे

तुमच्या उत्तरातच कारण सापडले. सविस्तर लिहितो, कारण उद्यमनगरात ही चूक मी असंख्य वेळा पाहिली आहे आणि सुरुवातीच्या काळात स्वतः केलीही आहे.

आधी ताकदीचा हिशेब पाहू. तुम्ही दिलेल्या मापांचा एक पल्ला साधारण ५५ किलोचा भरेल. पल्ला सहा फूट रुंद म्हणजे त्याचे वजन बिजागरीपासून तीन फुटांवर लटकते, आणि दोन बिजागऱ्यांमध्ये चार फूट अंतर धरले तर वरच्या बिजागरीला बाहेरच्या दिशेने ओढणारा जोर ५५ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे सुमारे ४१ किलो येतो. एखादे तीस किलोचे पोर टोकाला लोंबकळले तर त्यात आणखी ४५ किलोची भर पडते. आता शिवणीकडे या. पाइपाची भिंत १.६ मिलिमीटरची आहे, म्हणून शिवण कितीही जाड दिसली तरी कामाची जाडी एकच मिलिमीटर धरा. ४० मिलिमीटर लांबीवर ४० चौरस मिलिमीटर होतात. ६०१३ ची ताकद चौरस मिलिमीटरला सुमारे ४२ किलो असते. तिचा फक्त चौथा हिस्सा वापरला तरी एका शिवणीने चारशे किलो पेलायला हवेत. म्हणजे मुलासकट येणाऱ्या जोराच्या चौपटीहून जास्त. शिवाय पाइपाच्या लोखंडाची स्वतःची ताकदही साधारण तेवढीच असते. त्यामुळे रॉड सत्तरचा केला तरी शेजारची भिंत साठाचीच राहते आणि गेटला काहीही मिळत नाही.

मग ते तुटले का? ४० पैकी ३२ मिलिमीटर लांबीवर धातू पाइपात वितळून मिसळलाच नव्हता, तो वर नुसता टेकला होता. वाऱ्याने पल्ला आपटला की प्रत्येक वेळी त्या उरलेल्या ८ मिलिमीटरवर झटका येत गेला आणि ते टोकाकडून फाटत आत गेले. दहा नंबर म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा रॉड. त्याला ९० ते १३० अँपिअर लागतात. ८० वर तो पेटतो, वितळतो आणि वरून शिवण चांगलीही दिसते, पण त्याखालची भिंत वितळत नाही. आणि इथे कोटिंगचा संबंध येतो. ६०१३ वर रुटाइलचे आवरण असते. त्याचा स्लॅग पातळ आणि भरपूर असतो, तो शिवणीला झाकतो आणि चिपिंग हॅमरच्या दोन ठोक्यांत सुटतो. पण करंट कमी असला, रॉड सरळ उभा धरला किंवा जागा जरा उताराची असली की हाच स्लॅग धातूच्या पुढे धावतो, कोपऱ्यात जाऊन बसतो आणि मागून येणारा धातू त्याच्यावर पसरतो. तुम्हाला दिसलेला काळ्या काचेसारखा पदार्थ तोच आहे.

सोळा गेजच्या पाइपाला बारा नंबर, म्हणजे २.५ मिलिमीटरचा ६०१३ घ्या आणि ७० ते ८० अँपिअरवर चालवा. अठरा गेजची ग्रिल असेल तर त्याच रॉडला ६० ते ६५ पुरतात, किंवा २ मिलिमीटरचा रॉड वापरा. बिजागरीची पट्टी ५ मिलिमीटर जाड आणि पाइप १.६ चा असल्यामुळे आर्कचा रोख दोन तृतीयांश वेळ पट्टीवर ठेवायचा, तिथे वितळलेला धातू तयार झाला की तो पाइपाच्या भिंतीवर फक्त टेकवून परत पट्टीवर यायचे. रॉडची होल्डरकडची बाजू चालण्याच्या दिशेला थोडी झुकवून, टोक मागे शिवणीकडे ठेवून आर्क आखूड ठेवला की स्लॅग मागेच राहतो. जाड धातू वितळतो तेव्हा तोच पातळ भिंतीला भोक न पाडता तापवतो. पहिल्या दोन दिवसांत हाताला वळण पडेल.

आणखी एक गोष्ट आहे, जिचा रॉडशी संबंध नाही. पातळ पाइपाच्या सपाट तोंडावर बिजागरी लावली की भिंत डब्याच्या झाकणासारखी आत-बाहेर हलते आणि शिवण कितीही चांगली असली तरी तिच्या कडेने भिंतच फाटते. तिथे आधी ६ मिलिमीटर जाडीची, पाइपाच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत पोहोचणारी पट्टी चारही बाजूंनी वेल्ड करावी आणि बिजागरी त्या पट्टीवर लावावी. मग जोर कोपऱ्यांवर जातो.

शिरोली_स्ट्रक्चरल

काका, तुमचा हिशेब मान्य आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे. गेल्या वर्षी कंपनीच्या मोठ्या गेटच्या बिजागरीच्या पिना ६०१३ ने लावल्या होत्या. त्या शिवणीच्या शेजारून, पिनेच्या अंगाला सरळ तडकल्या. ७०१८ ने पुन्हा लावल्या, त्या आजही शाबूत आहेत. मग ७०१८ चा उपयोग नाही असे कसे म्हणता येईल?

उद्यमनगर_तीस_वर्षे

त्या पिना कशाच्या होत्या?

शिरोली_स्ट्रक्चरल

लेथवर राहिलेल्या शाफ्टच्या तुकड्यांतून काढल्या होत्या. ईएन ८ असावे.

उद्यमनगर_तीस_वर्षे

मग त्या ठिकाणी तुम्ही बरोबर होता आणि मी तेवढी दुरुस्ती मान्य करतो. ईएन ८ मध्ये कार्बन चाळीस शतांश टक्क्यांच्या आसपास असतो, माइल्ड स्टीलमध्ये त्याच्या अर्ध्याहूनही कमी. जास्त कार्बनचे पोलाद वेल्डिंगनंतर लगेच थंड झाले की शिवणीच्या शेजारचा पट्टा कडक होतो. त्यात रॉडच्या कोटिंगमधल्या ओलाव्यातून आलेला हायड्रोजन शिरला की काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तिथे तडा जातो. रुटाइल रॉडमध्ये हायड्रोजन जास्त असतो. ७०१८ च्या बेसिक कोटिंगमध्ये तो फार कमी असतो आणि त्याचे खरे वैशिष्ट्य हेच आहे. सत्तरचा आकडा दुय्यम आहे. मात्र तो रॉड आधी भट्टीत सुकवलेला हवा आणि पिनही तापवून घेतलेली हवी, नाहीतर कमी हायड्रोजनचा फायदा हातातून जातो. कोल्हापुरात लेथची कामे जागोजागी असल्यामुळे अशा शाफ्टचे तुकडे सहज मिळतात आणि गेटवाले पिनेला तेच वापरतात. सोपा उपाय म्हणजे पिनेला माइल्ड स्टीलचाच ब्राइट बार घ्यावा, मग ६०१३ पुरतो.

सोळा गेजचा पाइप आणि बारा मिलिमीटरचा बार यांत हायड्रोजनने तडा जाण्याइतका कार्बनही नसतो आणि जाडीही नसते. त्यामुळे फुलेवाडीच्या भाऊंसाठी माझे उत्तर बदलत नाही.

रॉड का चिकटतो ते राहिले. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि प्रत्येक वेळी आर्क पुन्हा पेटावा लागतो. रुटाइलच्या आवरणात टायटॅनियमचे ऑक्साइड आणि पोटॅशियमचे घटक असतात, ते आर्क धरून ठेवतात, म्हणून ६०१३ साध्या ट्रान्सफॉर्मरवरही शांत चालतो. बेसिक आवरणात चुनखडी आणि फ्लोरस्पार असते. फ्लोरस्पारमुळे आर्क अस्थिर होतो, म्हणून त्याला डीसी किंवा सत्तर व्होल्टच्या आसपास मोकळे व्होल्टेज देणारे मशीन लागते. तुमचे मशीन रॉड न पेटवता किती व्होल्ट दाखवते ते मीटरने पाहा. शिवाय ७०१८ विझवला की त्याच्या टोकावर काचेसारखी टोपी बसते, ती न फोडता पेटवले तर रॉड चिकटतो. आणि कोटिंग ओले असेल किंवा पेटवताना आर्क लांब धरला तर सुरुवातीला छिद्रे पडतात. मशीन विकायची गरज नाही.

फुलेवाडीचा_गेटवाला

काका, मनापासून आभार. मीटरने ५५ व्होल्ट दाखवले. आणखी एक सापडले. शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटर आणून पाहिला, तर काटा ८० वर असताना प्रत्यक्षात संध्याकाळी ६४ अँपिअरच येत होते, दुपारी ७५. म्हणजे ते गेट मी ६४ वर दहा नंबर रॉडने जोडले होते. काट्याशेजारी आता मार्करने खरे आकडे लिहून ठेवले आहेत.

उचगावची_फॅब्रिकेटर

मी आणि माझा भाऊ मिळून वर्कशॉप चालवतो, रॉडचा साठा आणि हिशेब माझ्याकडे असतो. तुम्ही आषाढात काम केले असे लिहिले आहे, पण रॉडच्या ओलाव्याबद्दल अजून कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. जून ते सप्टेंबर उघडा पुडा फळीवर ठेवला की चार दिवसांत त्याचा स्वभाव बदलतो. आर्क फटफट आवाज करतो, थेंब उडतात आणि शिवणीत ब्लो होल येतात. मी रोज सकाळी दोन रॉड एकमेकांवर हलके वाजवून पाहते. कोरड्या रॉडचा आवाज टणक आणि स्पष्ट येतो, ओल्याचा बसका येतो. कोटिंगवर पांढरट पूड दिसली किंवा पकडायच्या टोकाला तारेवर गंज आला तर तो रॉड मी बाजूला काढते.

आमच्याकडे जुन्या पत्र्याच्या कपाटात साठ वॉटचा बल्ब सतत चालू असतो आणि उघडलेला पुडा त्यातच राहतो. या बल्बने कोरडा रॉड कोरडा राहतो, पण एकदा ओलावलेला रॉड त्याने सुकत नाही. त्यासाठी आम्ही छोटी भट्टी घेतली. ६०१३ ला ११० अंशांच्या आसपास एक तास पुरतो. एकदा भावाने घाई करून ६०१३ ला ७०१८ सारखे ३०० अंशांवर ठेवले. त्यानंतर आर्क धरतच नव्हता आणि कोटिंग बोटाने सोलून निघत होते.

उद्यमनगर_तीस_वर्षे

ताई, तुम्ही फार महत्त्वाचे लिहिले. रुटाइलच्या कोटिंगला थोडा ओलावा लागतोच, तो त्याच्या कामाचा भाग आहे, म्हणून त्याला भाजून काढू नये. ७०१८ चे अगदी उलट असते. त्याला ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास ठेवावे लागते आणि बाहेर काढल्यावर चार तासांच्या आत वापरावे लागते. अनेक जण ओला रॉड कामाला मुद्दाम चिकटवून लाल करतात आणि त्याला सुकवणे म्हणतात. त्याने कोटिंगला आतून भेगा पडतात आणि ते निम्म्यातच गळून पडते. तसे कधी करू नये.

गगनबावडा_साइट

माझी अडचण थोडी वेगळी आहे. घाटाकडच्या एका फार्महाउसला जीआय पाइपाची ग्रिल करायची आहे. ६०१३ ने वेल्ड केले तर पांढरा धूर येतो आणि शिवणीत जाळी पडते. कोणता रॉड घ्यावा?

उद्यमनगर_तीस_वर्षे

त्यावर रॉड शोधू नका. तो पांढरा धूर जस्ताचा आहे आणि त्याने संध्याकाळी थंडी-तापही भरतो. शिवणीच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच सेंटिमीटर जस्त ग्राइंडरने खरवडून काढा, वाऱ्याच्या दिशेला पाठ करा आणि तोच २.५ चा ६०१३ वापरा. खरवडलेल्या जागेवर नंतर झिंक प्राइमर लावा.

सागरमाळ_पेंटर

आता माझ्या विषयाचे थोडे बोलू द्या, कारण ते इथे लागू पडते. रंग शिवणीजवळून सुटतो तेव्हा बहुतेक वेळा खाली स्लॅगची पातळ कवची राहिलेली असते. तिच्यावर मारलेला प्राइमर तिच्यासकट निघतो. चिपिंग झाल्यावर तारेच्या ब्रशने कोपरे घासल्याशिवाय माझ्याकडे गेट पाठवू नका.

शिरोली_स्ट्रक्चरल

पिनेच्या बाबतीत मान्य केलेत, त्याबद्दल आभार. पण एका मुद्द्यावर माझा अजून विरोध आहे. इन्व्हर्टर असेल तर २.५ चा ६०१३ मी पॉझिटिव्हवरच चालवतो, आर्क मऊ राहतो आणि भेदही चांगला मिळतो. पातळ पाइपाला निगेटिव्ह असे जे सांगतात ते मला पटलेले नाही.

उद्यमनगर_तीस_वर्षे

सोळा गेजला मी होल्डर निगेटिव्हला लावतो, कारण भेद कमी मिळतो आणि भोक पडण्याची भीती कमी होते. ६०१३ दोन्हीवर चालतो. तुमच्या हाताला पॉझिटिव्ह बसले असेल तर मी तुम्हाला चूक म्हणणार नाही, पण नवशिक्याला निगेटिव्हच सांगेन.

फुलेवाडीचा_गेटवाला

माझ्या मशीनला तो प्रश्नच नाही, त्यामुळे तो वाद तुम्हा दोघांवर सोडतो. मी काय केले ते कळवतो. सोळा गेजच्या पाइपाच्या तुकड्यावर ५ मिलिमीटरची पट्टी उभी धरून फक्त एका बाजूने शिवण घातली. एक तुकडा जुन्या पद्धतीने, ३.१५ च्या रॉडने, क्लॅम्प मीटरवर ६५ ला. दुसरा २.५ च्या रॉडने ७५ ला, आर्कचा रोख पट्टीवर ठेवून. थंड झाल्यावर दोन्ही व्हाइसमध्ये धरून पट्टी शिवणीच्या बाजूला हातोड्याने ठोकली. पहिली दोन ठोक्यांत निघाली आणि खाली पाइपाचा काळा थर तसाच राहिला. दुसरी पूर्ण आडवी झाली, पाइपाची भिंत तिच्याबरोबर ओढली गेली, पण शिवण सुटली नाही. ते दोन्ही तुकडे मी वर्कशॉपच्या भिंतीवर खिळ्याला टांगले आहेत.

रंकाळ्याच्या गेटच्या चारही बिजागऱ्या कालच काढून ६ मिलिमीटरच्या पट्टीवर नव्याने बसवून आलो, पैसे घेतले नाहीत. ७०१८ चा उरलेला पुडा परत बांधून ठेवला आहे. दहा नंबरने जोडलेली आणखी सात गेटे मी या वर्षात दिली आहेत. त्यांच्या शिवणी न तोडता आतून धरल्या आहेत की नाहीत, हे ओळखण्याचा काही मार्ग आहे का?

उद्यमनगर_तीस_वर्षे

बाहेरून पाहून खात्रीने सांगता येत नाही. शिवणीची कड पाइपावर गोल फुगलेली दिसत असेल आणि भिंतीत मिसळलेली नसेल, किंवा रंगाखाली कडेने बारीक गंजाची रेघ आली असेल, तर संशय घ्यावा. तुमच्या जागी मी असतो तर वरच्या बिजागऱ्यांना न विचारता आधार पट्ट्या घातल्या असत्या. सातही गेटांना मिळून दोन दिवसांचे काम आहे. रविवारी मी मोकळा आहे, ग्राइंडर घेऊन येतो.